न विचारता बंद केलेला बॉयलर

साखर कारखान्याच्या वर्क्स मॅनेजरचा निरोप समारंभ ठरलेल्या वळणाने जातो. शाल, श्रीफळ, युनियनच्या अध्यक्षांचे चार शब्द आणि शेवटी सत्कारमूर्तींचे मनोगत. ‘तुमच्या सहकार्यामुळेच इतकी वर्षे निभावली’ हे वाक्य त्यात हमखास येते. ते खरे असते, पण समोर बसलेल्या एकालाही ते आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. कोणी नेमके काय केले हे मॅनेजरइतके कोणाला ठाऊक नसते. म्हणूनच ही संधी हुकली की मला मनापासून वाईट वाटते.

आभार कशाचे मानायचे, याचे उत्तर मॅनेजरच्या जबाबदारीतच आहे. 1948च्या कारखाना कायद्याने मॅनेजरला नावानिशी जबाबदार धरले. त्या कायद्यानुसार नवा मॅनेजर रुजू झाला की सात दिवसांच्या आत निरीक्षकाला लेखी कळवावे लागे आणि सुरक्षेचा नियम मोडला गेला तर मालकाच्या बरोबरीने मॅनेजरही दोषी ठरत असे. पण हा माणूस चोवीस तास यंत्रापाशी उभा राहू शकत नाही. तो घरी झोपलेला असताना कोणीतरी त्याच्या जागी निर्णय घेत असते, आणि आभार त्या निर्णयांचे मानायला हवेत.

बॉयलरचेच घ्या. आत पाणी किती आहे, हे गेज ग्लासमध्ये दिसते. ऐन हंगामात रात्री फीड पंप बंद पडला आणि दुसरा वेळेत सुरू झाला नाही, तर काचेतली पातळी भराभर उतरते. ती दिसेनाशी झाल्यावर घाईघाईने पाणी सोडणे घातक ठरते, कारण तोवर आतला धातू भलताच तापलेला असू शकतो. अशा वेळी बगॅस तोडून आग खाली आणावी लागते. पण वाफ पडली की टर्बाइन थांबते, वीज जाते, गाळप बंद होते आणि गव्हाणीपाशी उसाच्या गाड्यांची रांग लागते. एवढे सगळे आपल्या हाताने थांबवायचे, तेही वरिष्ठांना विचारायला वेळ नसताना, हे बॉयलर अटेंडंटला काही क्षणांत ठरवावे लागते.

अशी रात्र अनुभवलेल्या मॅनेजरने एवढेच म्हणावे: “मला फोन लावण्याआधी तुम्ही बगॅस बंद केला. गाळप का थांबले याचा जाब सकाळी मला द्यावा लागला. तो मी ताठ मानेने दिला, कारण तुम्ही बॉयलर वाचवला होता आणि त्याच्याभोवतीची माणसंही.” सभागृहातल्या प्रत्येक फायरमनला हे आपल्यासाठी बोलले गेले असे वाटेल.

पॅनमनचे काम याहून शांत. निर्वात पॅनमध्ये पाक आटत असताना तो मधूनमधून नमुना काढतो, काचेवर पसरून उजेडात धरतो. पाक प्रमाणाबाहेर घट्ट झाला, तर मोठ्या दाण्यांच्या मध्ये बारीक धुरळ्यासारखा नवा दाणा उठतो. तो पुढे सेंट्रिफ्यूगलच्या जाळीत अडकतो किंवा मळीबरोबर निघून जातो. पॅनमनला तो वेळीच दिसला, तर थोडे पाणी देऊन विरघळवता येतो. बिघाड झालाच नाही म्हणून त्याची कुठे नोंद होत नाही. मॅनेजरने ते बोलून दाखवले नाही, तर कोणीच दाखवणार नाही.

हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांबद्दल बोलणे सर्वांत नाजूक. बगॅसमध्ये राहिलेल्या साखरेचा आकडा वाढला, तर मिलचे काम बिघडल्याचे उघड होते, आणि तो आकडा थोडा सौम्य लिहावा असे दडपण केमिस्टवर येऊ शकते. खरा आकडा लिहिणाऱ्यामुळे रोलरची सेटिंग वेळेत तपासली जाते. त्याचे आभार जरूर मानावेत, पण त्याला आधी विचारून, आणि आकडा खरा लिहिला एवढेच सांगून. दडपण कोणी आणले, याकडे बोट दाखवले तर साहेब निवृत्त होऊन घरी जातात आणि केमिस्ट मात्र त्याच माणसांत राहतो. ‘हा माझा उजवा हात’ असे म्हणणेही टाळावे. नव्या साहेबाच्या नजरेत त्या मुलावर कायमचा शिक्का बसतो.

आणखी एक अडचण कॅलेंडरची आहे. निवृत्ती पावसाळ्यात आली, तर हंगामी कामगार आपापल्या गावी शेतावर असतात. ज्यांच्या जिवावर गाळप झाले, त्यांच्यातले कितीतरी जण समारंभाला नसतात. अशा मॅनेजरने शेवटचा हंगाम संपण्याआधीच, पाळी बदलण्याच्या वेळी, बॉयलर हाऊसमध्ये आणि पॅनच्या मजल्यावर जावे. गाळप चालू असताना माणसे जागा सोडून सभागृहात येऊ शकत नाहीत, आणि एकाच वेळेला सगळ्या पाळ्या भेटतही नाहीत. त्यामुळे तेच भाषण पाळीगणिक, थोडक्यात आणि यंत्राच्या आवाजात जरा मोठ्याने करावे लागेल.