व्याकरणाचा नियम आधी सांगायचा की मुलांना शोधू द्यायचा?

‘मुलीने आंबा खाल्ला.’ या वाक्याचा प्रयोग कोणता?

शाळेत तुम्ही ‘क्रियापद कर्माप्रमाणे बदलते तो कर्मणी प्रयोग’ ही व्याख्या पाठ केली असेल. तरीही परीक्षेत ‘प्रयोग ओळखा’ हा प्रश्न आला की अनेकांनी अंदाजाने उत्तर लिहिलेले असते. व्याख्या येते, पण वाक्यावर लावता येत नाही. हे का होते, हे समजून घ्यायला शिकवण्याच्या दोन पद्धती पाहाव्या लागतील.

उद्गामी आणि अवगामी म्हणजे काय?

शिक्षक आधी नियम सांगतात, मग उदाहरणे देतात आणि सराव घेतात, ती अवगामी पद्धत. आधी उदाहरणे समोर ठेवून मुलांकडूनच नियम काढून घेतात, ती उद्गामी पद्धत. बी.एड. करणाऱ्याला हे दोन शब्द पाठ असतात. उद्गामी पद्धत चांगली आणि अवगामी जुनाट, असाही एक समज आहे. प्रत्यक्षात समोर कोण बसले आहे, यावर निवड ठरते. एकच विषय, म्हणजे प्रयोग, तीन वर्गांत शिकवून पाहू.

पहिला वर्ग : घरी मराठी बोलणारी आठवीची मुले

फळ्यावर ही सहा वाक्ये लिहा. व्याख्या सांगू नका, ‘प्रयोग’ हा शब्दही उच्चारू नका.

मुलगा आंबा खातो.
मुलगी आंबा खाते.
मुलगा पोळी खातो.

मुलाने आंबा खाल्ला.
मुलीने आंबा खाल्ला.
मुलाने पोळी खाल्ली.

आता विचारा, ‘पहिल्या तीन वाक्यांत क्रियापद कोणामुळे बदलले? शेवटच्या तीनमध्ये कोणामुळे?’ दोन मिनिटे प्रत्येकाला आपापल्या वहीत लिहू द्या. पहिल्या गटात मुलगा जाऊन मुलगी आली की ‘खातो’चे ‘खाते’ होते, पण आंब्याच्या जागी पोळी आली तरी काही होत नाही. दुसऱ्या गटात उलट. मुलगा असो वा मुलगी, ‘खाल्ला’ तसेच राहते. पोळी आली की मात्र ‘खाल्ली’ होते. हे मुलांना दिसले, की मग नावे द्या : पहिला कर्तरी, दुसरा कर्मणी.

पुढे आणखी दोन वाक्ये : ‘दादाने ताईला बोलावले.’ ‘ताईने मित्रांना बोलावले.’ इथे कर्ता बदलला, कर्मही बदलले, तरी क्रियापद हलले नाही. हा भावे प्रयोग.

हे जमते, कारण नियम मुलांच्या कानात आधीपासून आहे. ‘मुलाने पोळी खाल्ला’ हे चूक आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. शिक्षक फक्त आतला नियम बाहेर काढतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलांच्या हाती एक कसोटी येते : एक शब्द बदलून बघ, क्रियापद कोणामागे जाते ते पाहा. व्याख्या विसरली तरी ही कसोटी राहते.

शोध चुकतो कुठे?

वरची उदाहरणे पाहून हुशार मूल म्हणते, ‘कर्त्याला ने असेल तर कर्मणी.’ सहा वाक्यांपुरते ते बरोबरच आहे. म्हणून हा नियम मोडणारी वाक्ये आधीच तयार ठेवावी लागतात. ‘ताईने मित्रांना बोलावले’ यात ‘ने’ आहे, पण प्रयोग भावे. ‘मी पोळी खाल्ली’ यात ‘ने’ दिसत नाही, तरी प्रयोग कर्मणी; पोळीच्या जागी आंबा ठेवला की ‘खाल्ला’ होते.

दुसरा चुकीचा निष्कर्ष असतो, ‘भूतकाळात कर्म असेल तर कर्मणी.’ त्यावर ‘ती डबा विसरली’ हे वाक्य द्या. इथे क्रियापद डब्यामागे न जाता ‘ती’मागे जाते, म्हणजे हा कर्तरीच. विसरणे, शिकणे, बोलणे अशी काही क्रियापदे या बाबतीत वेगळी वागतात. ती का वेगळी, हे शोधायला लावण्यात अर्थ नाही. उदाहरणांतून ते निघत नाही. इथे सरळ यादी सांगावी.

आणखी एक अडचण. कर्नाटकच्या सीमेलगत काही भागांत घरी ‘मी काम केलो’ असे बोलतात. त्या मुलांचा कान त्यांच्या बोलीचा नियम बरोबर सांगतो, पण तो पाठ्यपुस्तकातला नसतो. अशा वर्गात दोन्ही रूपे शेजारी लिहून, पुस्तकी मराठीत काय होते ते स्पष्ट सांगणेच योग्य. नाहीतर मूल आपल्याच भाषेला चूक समजू लागते.

दुसरा वर्ग : नोकरीसाठी पुण्यात आलेले तमिळ भाषक

हीच सहा वाक्ये त्यांच्यापुढे ठेवली तर काय होईल? आंबा पुल्लिंगी आणि पोळी स्त्रीलिंगी, हेच त्यांना ठाऊक नाही. ‘खाल्ला’ का ‘खाल्ली’, हे सांगणारा कान नाही. शोध म्हणजे नुसते अंदाज, आणि चुकीचा अंदाज दहा वेळा बोलला की तो तोंडात बसतो.

इथे अवगामी पद्धत हवी. ‘खाणे, लिहिणे यांसारख्या क्रियापदांच्या भूतकाळात क्रियापद वस्तूचे लिंग घेते. कर्त्याला ने लावा, पण मी, तू, आम्ही, तुम्ही यांना लावू नका.’ एवढे सांगून दोन वाक्ये दाखवा आणि उरलेला वेळ बोलण्याच्या सरावाला द्या.

तिसरा वर्ग : हिंदी भाषक

हिंदीत ‘लड़के ने रोटी खाई’ असेच होते. त्यामुळे क्रियापद वस्तूमागे जाते, हे ते दोन्ही भाषांतली वाक्ये शेजारी ठेवून स्वतः ओळखतात. फरक एका जागी आहे : हिंदीत ‘मैंने’, मराठीत नुसते ‘मी’. हा फरक मात्र सरळ सांगून टाकावा. म्हणजे अर्धा नियम शोधून, अर्धा सांगून.

जमले का, हे कसे ओळखायचे?

उद्गामी तासाचा एक धोका असा, की दोन मुले उत्तर देतात आणि बाकीची उतरवून घेतात. फळ्यावर नियम आला म्हणजे वर्गाने तो शोधला, असे नाही. म्हणून गप्प बसलेल्या मुलाला नवे वाक्य द्या : ‘तुम्ही पत्र लिहिले.’ त्याने पत्राच्या जागी चिठ्ठी ठेवून ‘तुम्ही चिठ्ठी लिहिली’ असे करून पाहिले, तर त्याला कळले. ‘ने’ शोधत बसला, तर कळलेले नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. हा शोध एक पूर्ण तास खातो. नियम सांगायला दहा मिनिटे पुरतात. दहावीच्या परीक्षेआधी उजळणीत शोध लावत बसू नये. तिथे कसोटी सांगावी आणि वाक्ये सोडवून घ्यावीत.

थोडक्यात, वर्गात जाण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. चुकीचे वाक्य ऐकून हे विद्यार्थी दचकतील का? आणि नियम उदाहरणांतून खरेच दिसतो का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर शोधू द्या. एकाचेही ‘नाही’ असेल, तर तेवढा भाग सरळ सांगा.