एक्स्चेंज बुडाले तर नाणी कोणाची?

क्रिप्टोचलनाबाबत निरनिराळ्या देशांनी ढोबळमानाने तीन वाटा धरल्या आहेत. काहींनी सरसकट बंदी घातली, काहींनी परवाना देऊन देखरेख ठेवली, तर काही देशांत बंदी नाही, पण पुरता कायदाही नाही. चीन, जपान आणि भारत ही या तीन वाटांची ठळक उदाहरणे आहेत. एक्स्चेंजवर ठेवलेल्या नाण्यांची डिजिटल चावी एक्स्चेंजकडेच असते. धारकाला खात्यात दिसतो तो फक्त आकडा. त्यामुळे एक्स्चेंज बुडाले की तो आकडा प्रत्यक्ष हातात पडेल की नाही, हे त्या देशाच्या कायद्यावर ठरते.

चीनने सप्टेंबर २०१७ मध्ये देशातली एक्स्चेंजेस बंद करायला लावली. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने आणि इतर सरकारी यंत्रणांनी क्रिप्टोचा सगळा व्यवसाय बेकायदा ठरवला. परदेशी एक्स्चेंजने इंटरनेटवरून चिनी ग्राहकांना दिलेली सेवाही त्यात आली. नुसते नाणे जवळ बाळगणे हा मात्र गुन्हा ठरवलेला नाही आणि काही न्यायालयांनी अशा नाण्यांना मालमत्ता मानले आहे. तरीही अशा गुंतवणुकीचे करार रद्दबातल ठरू शकतात आणि तोटा ज्याचा त्याने सोसायचा असतो. बंदीमुळे धारक नाहीसे होत नाहीत, पण फसवणूक झाल्यावर दाद मागण्याची त्यांची बाजू लंगडी पडते.

जपानचा कायदा अनुभवातून घडला. टोकियोतले माउंट गॉक्स हे एक्स्चेंज २०१४ मध्ये कोसळले आणि ग्राहकांची लाखो बिटकॉइन गायब झाली. त्यानंतर एप्रिल २०१७ पासून प्रत्येक एक्स्चेंजला तिथल्या वित्तीय सेवा संस्थेकडे नोंदणी सक्तीची झाली. जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेक या एक्स्चेंजवर मोठी चोरी झाली आणि नियम आणखी कडक करण्यात आले. २०२० पासून ग्राहकांची किमान ९५ टक्के नाणी इंटरनेटशी न जोडलेल्या वॉलेटमध्ये ठेवावी लागतात. उरलेली नाणी ऑनलाइन ठेवायची, तर तेवढीच स्वतःची नाणी एक्स्चेंजने ऑफलाइन राखून ठेवायची असतात. ग्राहकांची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेत मिसळता येत नाही.

या नियमांची कसोटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लागली. एफटीएक्स हा जागतिक समूह दिवाळखोरीत गेला तेव्हा त्याच्या जपानी उपकंपनीला मालमत्ता देशाबाहेर नेऊ नये असा आदेश तिथल्या नियामकाने दिला. ग्राहकांची नाणी वेगळी ठेवलेली होती, म्हणून २१ फेब्रुवारी २०२३ पासून ती परत मिळू लागली. मुख्य कंपनीच्या ग्राहकांना मात्र फेब्रुवारी २०२५ पर्यंत थांबावे लागले. त्यांना नाणी मिळाली नाहीत, रोख रक्कम मिळाली, तीही नोव्हेंबर २०२२ च्या भावाने. त्या वेळी बिटकॉइन १७ हजार डॉलरच्या आसपास होते. पैसे हाती आले तोवर ते ९० हजारांच्या वर गेले होते. व्याज धरूनही हे अंतर भरून निघाले नाही.

भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. समजा, एका नाण्यात ५० हजारांचा नफा आणि दुसऱ्यात ४० हजारांचा तोटा झाला. धारकाच्या पदरात पडले १० हजार. कर मात्र पूर्ण ५० हजारांवर, म्हणजे १५ हजार रुपये, आणि वर उपकर. नफ्यापेक्षा कर जास्त झाला.

मार्च २०२३ पासून एक्स्चेंजेसना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आणि एफआययू या केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी आवश्यक ठरली. या नोंदणीतून ग्राहकाची ओळख तपासली जाते आणि संशयास्पद व्यवहार कळवले जातात. ग्राहकांची नाणी वेगळी ठेवण्याची जपानसारखी हमी मात्र तिच्यातून मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली तेव्हा हे उघड झाले. ग्राहकांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ अडकले आणि परतफेडीची योजना सिंगापूरच्या न्यायालयात ठरली, कारण संबंधित कंपनी तिथे नोंदवलेली होती.

म्हणून एक्स्चेंज निवडताना ‘नोंदणीकृत’ हा शिक्का पुरेसा नसतो. नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, नाणी कोणत्या कंपनीच्या ताब्यात आहेत आणि ती कंपनी कोणत्या देशातली आहे, हे एक्स्चेंजच्या अटींमध्ये तपासावे लागते. दिवाळखोरीत ग्राहकाची नाणी कंपनीची मालमत्ता धरली जातील का, याचेही उत्तर तिथेच शोधायचे असते.