तक्त्यातील मुख्य आकृतिबंधाचे वाक्यरूप विवेचन : कोकण विभागाच्या जनगणना-तक्त्याच्या आधारे

प्रस्तावना

आपल्याकडील संशोधन अहवालांत तक्त्याखाली जो परिच्छेद येतो, त्याची सुरुवात बहुधा ठरलेली असते : "वरील तक्त्यावरून असे दिसून येते की…". त्यापुढे तक्त्यातील पहिली ओळ, मग दुसरी, मग तिसरी, अशा क्रमाने सर्व आकडे वाक्यांत उतरवलेले असतात. परिच्छेद संपतो तेव्हा वाचकाला तक्त्याहून अधिक काहीच मिळालेले नसते. उलट स्तंभात एकाखाली एक असताना सहज तुलना करता येणारे आकडे आता स्वल्पविरामांत विखुरलेले असतात. तक्त्याचे असे वाचन म्हणजे विवेचन नव्हे. विवेचनाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे असते : या सर्व आकड्यांत मिळून कोणती एक गोष्ट घडली आहे?

हे काम प्रत्यक्षात कसे करावयाचे, हे एका उदाहरणाने दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. समजा, एखाद्या प्राध्यापकाने मुरुड तालुक्यातील आगरदांडा येथे लघुसंशोधन प्रकल्प हाती घेतला आहे. राजपुरी खाडीवरचे हे बंदर, समोर दिघी, आणि दोहोंमध्ये ये-जा करणारी फेरीबोट. गावाची पाहणी पुढील प्रकरणांत येईल. परंतु अभ्यासक्षेत्राच्या पार्श्वभूमीसाठी पहिल्या प्रकरणात जनगणनेचा विभागीय तक्ता द्यावा लागतो, आणि बहुतेक अहवालांत पहिली चूक तेथेच होते.

तक्ता आणि त्याची मांडणी

कोकण विभागातील सहा जिल्ह्यांची २००१ व २०११ या जनगणनांतील लोकसंख्या पुढीलप्रमाणे आहे. (२०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्यामुळे येथे २०११ चेच आकडे घेतले आहेत.)

| जिल्हा | २००१ | २०११ | दशवार्षिक बदल (टक्के) |
|---|---|---|---|
| मुंबई शहर | ३३,३८,०३१ | ३०,८५,४११ | –७.५७ |
| मुंबई उपनगर | ८६,४०,४१९ | ९३,५६,९६२ | ८.२९ |
| ठाणे | ८१,३१,८४९ | १,१०,६०,१४८ | ३६.०१ |
| रायगड | २२,०७,९२९ | २६,३४,२०० | १९.३१ |
| रत्नागिरी | १६,९६,७७७ | १६,१५,०६९ | –४.८२ |
| सिंधुदुर्ग | ८,६८,८२५ | ८,४९,६५१ | –२.२१ |
| एकूण विभाग | २,४८,८३,८३० | २,८६,०१,४४१ | १४.९४ |

येथील ठाणे म्हणजे अविभाजित ठाणे जिल्हा होय. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. अशी टीप तक्त्याखालीच द्यावी, परिच्छेदात आणू नये.

ओळींचा क्रम येथे मुद्दाम मुंबई शहरापासून बाहेर आणि पुढे दक्षिणेकडे असा ठेवला आहे. वर्णानुक्रमे लावल्यास ठाणे प्रथम आणि सिंधुदुर्ग अखेरीस येते, मुंबईचे दोन जिल्हे मध्ये अडकतात, आणि आकृतिबंध डोळ्यांना दिसतच नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ए. एस. सी. एहरेनबर्ग यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात तक्त्यांविषयी काही साधे नियम सांगितले होते. आकडे दोन अर्थपूर्ण अंकांपर्यंत पूर्णांकित करावेत, ओळी अर्थपूर्ण क्रमाने लावाव्यात आणि तुलनेसाठी सरासरी द्यावी, हे त्यांतील प्रमुख. जाहीर तक्त्यात पूर्ण आकडे ठेवावे लागले, तरी स्वतःसाठी कच्च्या कागदावर शेवटचा स्तंभ पूर्णांकित करून पाहावा : –८, ८, ३६, १९, –५, –२. सहा लहान आकडे उरले की मन त्यांच्यात आपोआप आकार शोधू लागते.

आकार शोधणे

पहिली नजर चिन्हांवर टाकावी. चार ओळी धन व ऋण अशा मिश्र असत्या तर आकृतिबंध क्षीण ठरला असता. येथे मात्र मधले तीन जिल्हे वाढलेले आणि दोन्ही टोकांकडील तीन घटलेले आहेत. म्हणजे मधे फुगवटा, कडांना ओहोटी.

त्यानंतर सरासरीकडे वळावे. विभागाची एकूण वाढ १४.९४ टक्के आहे. पुष्कळ अहवालांत हाच आकडा पहिल्या वाक्यात येतो. परंतु तो कोणत्या जिल्ह्याचे वर्णन करतो? कोणत्याच नाही. त्याच्या सर्वांत जवळचा जिल्हा रायगड आहे आणि तोही चार टक्क्यांहून अधिक अंतरावर आहे. उरलेले पाच त्याहूनही दूर. जी सरासरी एकाही ओळीला लागू पडत नाही, तिने परिच्छेदाचा आरंभ करणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय.

आता एक मोहक वाक्य सुचते : "मुंबईपासून जसजसे दूर जावे, तसतशी वाढ कमी होत जाते." वाक्य सुटसुटीत आहे, आणि ते चुकीचे आहे. सुरुवातीलाच ते अडखळते, कारण मुंबई शहरातच घट आहे आणि सर्वाधिक वाढ त्याबाहेर ठाण्यात आहे. शेवटीही ते अडखळते, कारण सिंधुदुर्ग रत्नागिरीहून दूर असूनही तेथील घट रत्नागिरीच्या निम्म्याहून कमी आहे. मुख्य वाक्य लिहून झाल्यावर ते तक्त्याच्या प्रत्येक ओळीवर ठेवून पाहावे, ही एवढी एकच तपासणी केली तरी अशी वाक्ये अहवालात शिरत नाहीत. एखाद्या ओळीवर वाक्य बसत नसेल तर दोनच मार्ग उरतात. वाक्य सैल करावे, किंवा ती ओळ अपवाद म्हणून उघडपणे नोंदवावी. अपवादाकडे कानाडोळा करण्याचा तिसरा मार्ग मात्र नाही.

'वाढ' या शब्दाचा घोटाळा

मराठीत 'वाढ' हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो, आणि परीक्षकांच्या नजरेतूनही हा घोटाळा सुटतो. "रायगडमध्ये मुंबई उपनगरापेक्षा अधिक वाढ झाली" हे विधान घ्या. दराच्या दृष्टीने ते खरे आहे, कारण १९.३१ हा दर ८.२९ च्या दुपटीहून अधिक आहे. माणसांच्या संख्येच्या दृष्टीने मात्र ते खोटे आहे. रायगडमध्ये ४,२६,२७१ माणसे वाढली, उपनगरात ७,१६,५४३. मूळ संख्या मोठी असली की लहान दरही मोठी भर घालतो. म्हणून 'वाढीचा दर' आणि 'लोकसंख्येत पडलेली भर' असे दोन स्वतंत्र शब्दप्रयोग ठरवून घ्यावेत आणि अहवालभर तेच पाळावेत. शैलीत वैविध्य हवे म्हणून एकदा 'वाढ', एकदा 'वृद्धी', एकदा 'विकास' असे लिहू नये. ललित निबंधात ते शोभते, तक्त्याखाली नाही.

याच कारणाने दोन दरांमधील फरक "११.०२ टक्के अधिक" असा लिहिणे टाळावे. तो आकडा वजाबाकीचा आहे, टक्केवारीचा नाही. असे वाचल्यावर वाचक ८.२९ चे ११ टक्के काढू लागेल. "दर दुपटीहून अधिक आहे" असे म्हटले की संदिग्धता राहत नाही.

दर आणि भर यांपैकी मुख्य वाक्यात काय ठेवावे, हे अहवालाचा प्रश्न ठरवतो. पाणीपुरवठ्याचे नियोजन हा विषय असेल तर माणसांची संख्या महत्त्वाची. स्थलांतर वा बदलाची दिशा हा विषय असेल तर दर. आपल्या कल्पित प्रकल्पात प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून पुढील परिच्छेद दरावर आधारला आहे.

परिच्छेदाचा नमुना

"२००१ ते २०११ या दशकात कोकण विभागातील लोकसंख्येची वाढ मुंबई शहराबाहेरच्या पट्ट्यात एकवटलेली होती. शहरात आणि दक्षिण कोकणात लोकसंख्या घटली (तक्ता क्र. १). वाढीचा दर ठाणे जिल्ह्यात सर्वाधिक (३६ टक्के) होता. त्याखालोखाल रायगड (१९ टक्के) व मुंबई उपनगर (८ टक्के) यांचा क्रम लागतो. मुंबई शहरात ८, रत्नागिरीत ५ व सिंधुदुर्गात २ टक्के घट झाली. विभागात पडलेल्या एकूण ३७ लाखांच्या भरीपैकी सुमारे २९ लाखांची भर एकट्या ठाणे जिल्ह्यात पडली. त्यामुळे विभागाचा १५ टक्के हा एकूण दर इतर जिल्ह्यांची स्थिती दर्शवीत नाही."

यातील पहिल्या वाक्यात दशकाच्या वर्षांवाचून एकही आकडा नाही, हे लक्षात यावे. ते वाक्य तक्ता न पाहताही समजले पाहिजे. आकडे त्यानंतर पुराव्यादाखल येतात, आणि तेही पूर्णांकित. अचूक आकडे ज्याला हवेत त्याच्यासाठी तक्ता आहेच. तक्त्याचा उल्लेख कंसात गेल्यामुळे "वरील तक्त्यावरून असे दिसून येते की" हे पालुपद अनावश्यक ठरते, आणि वाक्याचा कर्ता तक्ता न राहता लोकसंख्या होते.

परिच्छेदात एकही कारण दिलेले नाही, हेही हेतुपुरस्सर आहे. मुंबई शहर आणि रत्नागिरी या दोहोंपुढे ऋणचिन्ह आहे म्हणून दोन्हींची कारणे एक ठरत नाहीत. शहरातून उपनगरात जाणे आणि रत्नागिरीतून मुंबईस जाणे या भिन्न प्रक्रिया असू शकतात. पण हा तक्ता त्यांपैकी एकीचाही पुरावा देत नाही, कारण त्यात जन्म, मृत्यू वा स्थलांतर यांचे स्तंभच नाहीत. दुसरा तक्ता जोडला तर थोडे पुढे जाता येते. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहरात ८३२. पुरुष बाहेर गेल्याच्या अनुमानास ही विषमता बळ देते. तरीही 'सूचित होते' हे क्रियापद येथे योग्य, 'सिद्ध होते' हे नव्हे. असे अनुमान स्वतंत्र परिच्छेदात, 'चर्चा' या शीर्षकाखाली जावे.

जिल्ह्यावरून गावाकडे

आता आगरदांड्याकडे परत येऊ. असा परिच्छेद लिहून झाला की हात पुढील वाक्याकडे वळतो : "रायगड जिल्ह्यात लोकसंख्या १९ टक्क्यांनी वाढत असल्याने आगरदांडा परिसरावरही लोकसंख्येचा ताण वाढत आहे." तक्ता असे काहीही म्हणत नाही. रायगड ही एक ओळ असली तरी ते एकजिनसी क्षेत्र नाही. २०११ मध्ये जिल्ह्याच्या सव्वीस लाख लोकसंख्येपैकी सुमारे साडेसात लाख, म्हणजे पाव हिश्श्याहून अधिक लोक एकट्या पनवेल तालुक्यात होते. नवी मुंबईला लागून झपाट्याने शहर होत गेलेला हा तालुका जिल्ह्याचा आकडा वर ओढतो. राजपुरी खाडीकाठच्या गावात त्याच दशकात काय घडले, ते जिल्ह्याच्या सरासरीत दिसत नाही. विभागाच्या १४.९४ या आकड्याने सहा जिल्ह्यांना जसे झाकले, तसेच १९.३१ हा आकडा पनवेल आणि मुरुड यांना एकत्र झाकतो.

म्हणून नमुना परिच्छेदाच्या शेवटी आणखी दोन वाक्ये जोडावी लागतील : "हे दर जिल्हापातळीवरचे असून मुरुड तालुक्यास वा अभ्यासगावास ते लागू करता येत नाहीत. त्यासाठी जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतील गावनिहाय आकडे पुढील तक्त्यात दिले आहेत." मग तो पुढील तक्ता खरोखर द्यावा लागतो.