तीन पेले, तीन बिया

मे-जून महिन्यांत दिल्लीचा पारा 45 अंशांच्या घरात जाऊन पोहोचला, की राजधानी परिसरातील स्वयंपाकघरांत भिजवलेल्या बियांचे पेले दिसू लागतात. पहाडगंज-करोलबागेतील जुन्या मराठी कुटुंबांत लिंबाच्या सरबतात सब्जा पडतो, नोएडा-गुरुग्रामच्या सदनिकांमध्ये सकाळी चियाचे पाणी घेतले जाते, तर एखाद्या घरातील आजीबाई रात्री वाटीभर पाण्यात जवस भिजत घालतात. या तिन्ही बिया पाण्यात बुळबुळीत होतात. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी सहज चालेल, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात पाण्याशी वागण्याची प्रत्येकीची रीत वेगळी आहे आणि तिचा उपयोगही त्या रीतीवरच ठरतो.

नावांचा घोटाळा

चांदणी चौकाच्या पश्चिम टोकाला, फतेहपुरी मशिदीलगत, खारी बावली हा मसाल्यांचा व सुक्या मेव्याचा प्रसिद्ध घाऊक बाजार आहे. तेथे खरेदीस गेलेल्या मराठी माणसाची पहिली अडचण नावांची असते. आपला जवस तेथे ‘अलसी’ होतो. सब्जाला कुणी ‘तुकमरिया’ म्हणते, तर युनानी औषधांच्या दुकानात तो ‘तुख्म-ए-रेहान’ या नावाने मिळतो. ‘तुख्म-ए-बालंगा’ किंवा बोलीतील ‘तुकमलंगा’ हे नाव मुळात एका निराळ्याच वनस्पतीच्या लांबट बियांचे आहे. तथापि व्यवहारात सब्जालाही तेच नाव सर्रास दिले जाते. त्यात भर म्हणून काही विक्रेते चियालाही याच नावांनी ओळखतात. एकीची किंमत मोजून दुसरीच पुडी घरी येण्याचा संभव येथूनच सुरू होतो.

सुदैवाने या बिया कोरड्या असतानाही डोळ्यांना ओळखता येतात. सब्जा एकसारखा काळा असतो, त्याला चकाकी नसते आणि त्याचे एक टोक किंचित निमुळते असते. चियाचा दाणा गुळगुळीत, चमकदार व अंडाकृती असून राखाडी रंगावर गडद ठिपक्यांची नक्षी असते. मूठभर चियात काही दाणे पांढरेही आढळतात. जवस या दोहोंपेक्षा मोठा, चपटा, तकतकीत आणि तपकिरी अथवा सोनेरी असतो. पुडीवरील नावापेक्षा दाण्यावरील ठिपके अधिक विश्वसनीय होत.

पाण्यात नेमके काय घडते?

तिन्ही बियांच्या बाह्य आवरणात पाणी शोषून फुगणारे चिकट द्रव्य साठवलेले असते. वनस्पतिशास्त्रात त्यास ‘म्युसिलेज’ म्हणतात. ते शर्करांच्या लांबलचक साखळ्यांचे बनलेले असते. कोरडेपणी हे द्रव्य आवरणाच्या पेशींत दाबून भरलेले राहते; पाणी लागताच ते फुगते, पेशींची भिंत फोडते आणि बाहेर पडते. रुक्ष जमिनीत बीज रुजताना त्याच्याभोवती ओल टिकावी व ते मातीला चिकटून राहावे, यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज आहे.

फरक पडतो तो पुढच्या टप्प्यावर. सब्जा बाहेर आलेले द्रव्य स्वतःभोवती घट्ट धरून ठेवतो. चियाही ते धरून ठेवते. परंतु तिच्या दाण्यांभोवतीचे धागे एकमेकांत गुंततात. जवस मात्र आपले द्रव्य पाण्याला देऊन टाकतो. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले, तर पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो.

घरच्या घरी परीक्षा

तीन सारखे काचेचे पेले घ्यावेत. प्रत्येकात साधारण 150 मिलिलिटर पिण्याचे साधे पाणी घालावे. मग एकात 1 लहान चमचा सब्जा, दुसऱ्यात तेवढेच चिया आणि तिसऱ्यात तेवढाच जवस घालून लगेच ढवळावे. 5 मिनिटांनी पुन्हा एकवार ढवळावे. हे दुसरे ढवळणे टाळल्यास चियाचे दाणे एकमेकांस चिकटून गोळा बनतो आणि त्या गोळ्याच्या आत पाणी पोहोचत नाही.

सब्जाच्या पेल्यात पहिल्या एक-दोन मिनिटांतच प्रत्येक काळ्या दाण्याभोवती निळसर-पांढुरके वलय उमटते. 10 ते 15 मिनिटांत दाणा पूर्ण फुगतो. तिघांत सर्वांत ठळक फुगवटा याचाच. तरीही प्रत्येक दाणा सुटा राहतो आणि त्याच्या सभोवतालचे पाणी पातळच असते. तोंडात घेतल्यास बाहेरून निसटता मऊपणा व आत बारीकसा कुरकुरीतपणा लागतो.

चियाच्या पेल्यात सुरुवातीची काही मिनिटे फारसे काही घडत नाही. 15 ते 20 मिनिटांनी दाण्यांभोवती पातळ, पारदर्शक थर दिसू लागतो आणि पूर्ण परिणामासाठी एक-दोन तास द्यावे लागतात. चिया स्वतःच्या वजनाच्या सुमारे 10 ते 12 पट पाणी धरून ठेवू शकते. पाणी बेताचे घेतले, तर पेल्यातील सर्व मिश्रणच दाट होते आणि दाणे त्यात अधांतरी अडकून राहतात. चव जवळजवळ नसते. पोत मात्र मऊसर लापशीसारखा असतो.

जवसाचा पेला पाहणाऱ्याची प्रथमदर्शनी निराशा करतो. दाण्याभोवती वलय दिसत नाही, दाणा थोडासाच जाड होतो आणि आतून कडकच राहतो. मात्र काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाण्यात चमचा बुडवून वर उचलला, तर भेंडीसारखी तार सुटते. येथे फुगले आहे ते पाणी, बी नव्हे.

आणलेली पुडी सब्जाची की चियाची, ही शंकाही याच परीक्षेने फिटते. बशीत चिमूटभर दाणे घेऊन त्यावर चमचाभर पाणी घालावे. दोन मिनिटांत ठळक वलये उमटली, तर तो सब्जा. दाणे तसेच ओलसर राहिले, तर चिया असण्याची शक्यता अधिक.

ज्याचे काम त्याने करावे

या स्वभावभेदावरूनच उपयोग ठरतो. दाणे सुटे राहणे आणि पेय पातळ राहणे जेथे हवे असते, तेथे सब्जाला पर्याय नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटसमोरील ‘बादशाह’चा फालुदा असो वा दिल्लीच्या घरातील शिकंजी, घोटाघोटाला दाणा जाणवण्यातच तेथील गंमत आहे. येथे एक दक्षता आवश्यक आहे. सब्जा प्रथम साध्या पाण्यात भिजवावा आणि फुगल्यावरच सरबतात अथवा दुधात मिसळावा. दाट साखरपाक आपल्याकडे पाणी ओढून धरतो. लिंबाचा रस व मीठही फुगण्यात अडथळा आणतात. थेट सरबतात टाकलेला सब्जा अर्धवट फुगतो आणि दातांत कचकचतो.

पदार्थाला दाटपणा हवा असेल, तर चिया उपयुक्त ठरते. वाटीभर दुधात 2 मोठे चमचे चिया ढवळून रात्रभर शीतकपाटात ठेवल्यास सकाळी खिरीसारखा पदार्थ तयार होतो, तोही न शिजवता. मूळची मेक्सिको व ग्वाटेमाला या प्रदेशांतील ही वनस्पती आता भारतातही, विशेषतः कर्नाटक व मध्य प्रदेशात, पिकवली जाते. सब्जा वापरून अशी खीर करू गेल्यास दाणे तळाशी बसतात आणि वर दूध पातळच उरते.

जवसाचा मार्ग आणखी निराळा. त्याची कीर्ती आहे ती ओमेगा-3 प्रकारच्या मेदाम्लामुळे. परंतु हे तेल कठीण कवचाच्या आत असते. अख्खा जवस, भिजवलेला असला तरी, नीट न चावल्यास पुष्कळदा तसाच शरीराबाहेर पडतो. भिजवल्याने बुळबुळीत तंतुमय द्रव्य मिळते, तेल मिळत नाही. तेलाचा लाभ हवा असेल, तर जवस कुटावाच लागतो. जवस तडतडेपर्यंत भाजून, लसूण-मिरचीसह कुटून चटणी करण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत या दृष्टीने किती अचूक होती, हे येथे लक्षात येते. कच्च्या जवसात अल्प प्रमाणात सायनाइड निर्माण करणारे घटक असतात. भाजल्याने तेही घटतात. उत्तर भारतात हिवाळ्यात होणाऱ्या अलसीच्या पिन्नीतही जवस भाजून कुटलेलाच असतो. कुटलेला जवस मात्र हवेने लवकर खवट होतो. रंगासारखा कुबट वास व कडवट चव आली, की तो टाकून द्यावा. आठवड्यापुरताच कुटून घट्ट झाकणाच्या डब्यात, शीतकपाटात ठेवणे श्रेयस्कर.

भिजवलेल्या जवसाच्या चिकट पाण्याचाही उपयोग आहेच. 2 मोठे चमचे जवस दोन पेले पाण्यात 8 ते 10 मिनिटे उकळून, गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळल्यास केसांना लावण्याजोगा दाट द्रव मिळतो. थंड झाल्यावर तो फडक्यातून उतरत नाही. तसेच 1 मोठा चमचा जवसाची पूड 3 चमचे पाण्यात 10 मिनिटे भिजवली, तर बिनअंड्याच्या केकमध्ये ती मिश्रण बांधून ठेवण्याचे काम करते.

कोरड्या बियांचा धोका

या बियांचा जो गुण, तोच अयोग्य वेळी दोष ठरतो. 2014 साली अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत एका 39 वर्षांच्या रुग्णाची हकिकत मांडण्यात आली होती. त्याने मोठा चमचाभर कोरडी चिया गिळून वर पेलाभर पाणी घेतले. बिया अन्ननलिकेतच फुगल्या आणि मार्ग बंद झाला. अखेर दुर्बिणीच्या साहाय्याने तो मोकळा करावा लागला. त्याला पूर्वीपासून अधूनमधून गिळण्याचा त्रास होता. पेल्यात विलंबाने फुगणारी चिया घशात उतरताना निरुपद्रवी वाटते, पण तिचे काम नंतर सुरू होते. म्हणून लहान मुले, वृद्ध आणि गिळण्यास त्रास होणाऱ्या व्यक्ती यांना या बिया कोरड्या कदापि देऊ नयेत. सब्जा किमान 15 मिनिटे आणि चिया किमान अर्धा तास भिजवावी. तिन्हींच्या बुळबुळीत द्रव्यामुळे औषधांचे शोषण मंदावू शकते; नियमित औषधे घेणाऱ्यांनी दोहोंत एक-दोन तासांचे अंतर ठेवावे आणि रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधे चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दिल्लीच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेल्या भिजवलेल्या बिया काही तासांत आंबू लागतात. आंबूस वास, वर येणारे बुडबुडे किंवा पातळ होत चाललेले दाट मिश्रण ही त्याची लक्षणे होत. सब्जा त्या त्या वेळी भिजवावा, कारण त्यास पाव तासच पुरतो. चिया शीतकपाटात दोन-तीन दिवस टिकते. आणि जवस, पोटात जायचा असेल तर, भाजून-कुटून घेतलेला बरा.