जुनी वही बंद होईपर्यंत
माणसांच्या गटाची सवय बदलायची तर ती आधी सैल करावी, मग बदलावी आणि पुन्हा घट्ट करावी, असं मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1947 साली मांडलं. गोदामात बारकोड आणताना मात्र बहुतेक मालक थेट मधल्या पायरीवर उडी घेतात आणि स्कॅनर वाटून मोकळे होतात.

आधी एका रॅकवरचा माल सगळ्यांसमोर मोजावा. समजा, वहीत 48 खोकी आहेत आणि रॅकवर 41. ही तफावत कुणाच्याही माथी मारली जाणार नाही, हे तिथेच सांगावं लागतं. कारण स्कॅनरची खरी भीती 'आता माझी चूक नावानिशी दिसणार' हीच असते.

मला सर्वात नाजूक वाटते ती शेवटची पायरी. वही सोबत चालू राहिली, की कामगार दिवसभर वहीत लिहितात आणि पाळी संपताना सगळं एकदम स्कॅन करतात. नोंदींच्या वेळा पाहिल्या की हे लगेच कळतं. सगळ्या नोंदी संध्याकाळी पावणेसहाच्या असतील, तर सवय बदललेली नाही. म्हणून वही ठरल्या तारखेला बंद करावी आणि लेबलचा प्रिंटर गोदामातच ठेवावा. नाहीतर फाटक्या लेबलचं पहिलं खोकं आलं, की वही पुन्हा बाहेर निघते.