गुडघा आखडतो? आधी सायकलची सीट पाहा

आमच्या गल्लीतल्या एका काकांचे वय 54. सकाळी उठल्यावर त्यांचा गुडघा दहा मिनिटे आखडलेला असतो, मग मोकळा होतो. सूज नाही. डॉक्टरांनी तपासून रोज व्यायाम करायला सांगितले. काकांनी घरातली जुनी सायकल काढली, पण आठवड्यात गुडघ्याची वाटी पुढून दुखू लागली. "यापेक्षा चालणंच बरं," म्हणत त्यांनी सायकल पुन्हा भिंतीला लावली.

खरे तर उलट व्हायला हवे होते. सपाट रस्त्यावर चालताना दर पावलाला गुडघ्यावर आपल्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. बेताने सायकल चालवताना तो निम्म्याच्या आसपास असतो, कारण अंगाचे वजन सीट पेलते. शिवाय गुडघा पुन्हा पुन्हा वाकतो-सरळ होतो, त्यामुळे मोकळा होतो.

मग काकांचे काय चुकले? आम्ही सायकल पाहिली. सीट इतकी खाली होती की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकत. भीती वाटू नये म्हणून आपल्याकडे बरेचजण अशीच ठेवतात. पण मग पॅडल वर आले की गुडघा फार दुमडतो आणि त्याच स्थितीत जोर लावावा लागतो. तो सगळा दाब वाटीवर येतो.

भिंतीला हात टेकवून काकांना सीटवर बसवले. पॅडल सर्वांत खाली नेऊन त्यावर टाच ठेवायला सांगितली. पाय अगदी सरळ होईल इतकी सीट वर घेतली आणि पान्याने नट आवळला. टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. तेवढेच हवे. सीट जास्त वर गेली तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि गुडघ्याच्या मागे ओढ बसते. सीटची दांडी अडीच-तीन इंच तरी नळीत राहिली पाहिजे. आता थांबताना सीटवरून पुढे उतरावे लागते. हे काकांना दोन दिवस जड गेले.

सुरुवात सपाट रस्त्यावर दहा मिनिटांनी केली. चढ आला की खाली उतरून सायकल हाताने ढकलायची. व्यायामानंतरचे दुखणे दोन तासांहून जास्त टिकले किंवा दुसऱ्या सकाळी गुडघा जास्त आखडला, तर वेळ निम्मी करायची.

चालणे सोडू नये. हाडांना अंगाचा भार लागतो, तो सायकलवर मिळत नाही. काका एक दिवस सायकल, एक दिवस विहारापर्यंत चालणे असे करतात. टेकडीवरच्या वस्तीत मात्र चढण्यापेक्षा पायऱ्या उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, तिथे कठडा धरावा. ज्या ताईंना सायकल येतच नाही त्यांनी गर्दीच्या रस्त्यावर आता शिकायला जाऊ नये, सपाट जागी चालावे.

गुडघा सुजला, गरम लागला, मध्येच अडकला किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहू लागला, तर दोन्ही थांबवून डॉक्टरांना दाखवा.