गंज शेजाऱ्याला वाचवतो तेव्हा

समुद्रातल्या जेट्टीचा कुठला भाग सगळ्यात आधी खराब होत असेल? कायम पाण्यात बुडालेला, असं आपल्याला वाटतं. पण बहुतेक वेळा तोच धडधाकट निघतो. खरी पडझड होते ती पाण्याच्या वर, भरतीचं पाणी उडून भिजणाऱ्या आणि ओहोटीला सुकणाऱ्या बीमच्या पोटाशी.

काँक्रीटच्या आत सामू १३च्या आसपास असतो. एवढ्या अल्कधर्मी जागेत सळईवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो आणि त्याच्या आड पोलाद वर्षानुवर्षं शाबूत राहतं. तो पापुद्रा फोडतं समुद्राच्या मिठातलं क्लोराइड. काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून ते मुंगीच्या पावलांनी आत सरकतं. सळईपाशी त्याचं प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या साधारण ०.४ टक्क्यावर गेलं की धोका धरतात.

ते कुठवर पोहोचलं, हे ड्रिलच्या भुशावरून कळतं. दर १० मिलिमीटरचा भुसा वेगळ्या पिशवीत भरायचा, आम्लात विरघळवायचा आणि सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजायचं. नमुन्यादाखल कोकण किनाऱ्यावरची ३० वर्षांची एक जेट्टी मनात धरू; आकडे समजुतीपुरते, पण अशा जेट्टीवर सहज मिळतील असे. बीमच्या पोटाशी सळईवरचं कव्हर ५० मिलिमीटर आहे. पहिल्या थरात १.४ टक्के, दुसऱ्यात १.९, सळईपाशी ०.७ आणि ७० मिलिमीटरवर ०.३. पहिला थर दुसऱ्यापेक्षा कमी कसा? कारण वरचा थर सतत भिजतो-सुकतो. आत शिरलेलं पाणी वाळताना मीठ थोडं आत सोडून जातं आणि पृष्ठभागावरचं धुऊन निघतं.

मग हातोडीने ठोकत जायचं. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. काही ठिकाणी आवाज भद्द येतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून कव्हर आतून सुटलेलं असतं. पुढे कॉपर-सल्फेट इलेक्ट्रोडने सळईचं विद्युत विभव मोजतात. ते उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असेल तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. आपल्या बीमवर उणे ४२० येतं.

आता पाण्याखालचा पाइल. तिथे सळईपाशी क्लोराइड ०.९ टक्के, विभव उणे ७००. आकड्यांवरून वाटेल, हा तर गेलाच. पण कव्हर फोडून पाहिलं तर सळई जवळपास कोरी! भिजलेल्या काँक्रीटमधून प्राणवायू फारच सावकाश पोहोचतो, आणि त्याच्याविना गंज पुढे सरकत नाही. विभवाचा आकडा एकटा वाचला की फसगत होते ती इथेच.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती यापुढची गोष्ट. गंजणारी जागा इलेक्ट्रॉन सोडते, आणि तेच आसपासच्या सळईला गंजापासून राखतात. खराब तुकडा काढून तिथे नवं, क्लोराइडमुक्त काँक्रीट भरलं की तो राखणदारच नाहीसा होतो. शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड तर शिल्लकच असतं. मग काही वर्षांत ठिगळाच्या कडेलाच नवी भेग दिसते. कामगारांनी काम वाईट केलं असं नाही, ते अर्धवट होतं एवढंच.

म्हणून या बीमसाठी नुसतं ठिगळ मी सगळ्यात शेवटी ठेवीन. पहिला क्रम बाहेरून वीज देण्याचा: पृष्ठभागावर टायटॅनियमची जाळी बसवून सळईला दर चौरस मीटरला काही मिलिअँपिअर इतका बारीक प्रवाह सतत द्यायचा. क्लोराइड आत असूनही गंज आवरतो. कॅलिफोर्नियात रिचर्ड स्ट्रॅटफुल यांनी १९७३ साली एका पुलाच्या डेकवर असा बाहेरून प्रवाह देऊन दाखवला. मात्र यंत्रणेवर कायम नजर लागते. ती ठेवणारं कोणी नसेल तर हा क्रम मी खाली आणीन. मग दुसरा पर्याय वर येतो: सळईच्या मागेही २०-२५ मिलिमीटरपर्यंत काँक्रीट काढायचं आणि ठिगळाच्या कडांना जस्ताचे अ‍ॅनोड बांधायचे. जस्त स्वतः झिजतं, सळई वाचते. संपलं की पुन्हा बसवावं लागतं. बोटींच्या तांब्याच्या पत्र्यासाठी हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये शोधलेली युक्ती हीच. तिसरा पर्याय बीमच नवा घालणं. सळईचा छेद फार घटला असेल तर दुसरा इलाज नाही. पण मग सळया स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसोच्या १९४१ साली पुऱ्या झालेल्या धक्क्यात स्टेनलेस स्टीलच्या सळया घातल्या होत्या. तो आजही उभा आहे. शेजारचा, त्याच्यानंतर बांधलेला साध्या सळयांचा धक्का मात्र उद्ध्वस्त झाला.

वरच्या स्लॅबमध्ये सळईपाशी ०.२ टक्केच आहे, तेव्हा तिथे सिलेनचा थर पुरे. पाइलला हात लावायचा नाही. काही वर्षांनी पुन्हा भुसा काढून पाहायचं.